‘नेट सारखं जातंय’ म्हणून भागत नाही: ब्रॉडबँड कंपनीला तक्रारीचा ईमेल कसा लिहावा

साताऱ्याला माझी मावशी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. गेल्या पावसाळ्यात तिचं फायबर कनेक्शन दिवसातून दोनतीनदा जायचं आणि पाचसात मिनिटांनी आपोआप परत यायचं. तिने तीनदा फोनवर तक्रार केली. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ सोडवलं कुणीच काही नव्हतं. तक्रार उघडून बघणाऱ्याला स्क्रीनवर मावशीचा नेटचा डबा ‘चालू’ दिसला, त्याने तक्रार बंद केली, इतकंच.

येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाची ही खरी अडचण आहे. नेट पूर्ण बंद असेल तर कंपनीला ते दिसतं. पाच मिनिटांसाठी गेलेलं नेट मात्र माणूस बघायला बसतो तेव्हा हमखास चालू असतं. त्यामुळे ईमेलमध्ये त्रासाचं वर्णन करून उपयोग नाही. समोरच्याने आपल्या नोंदी त्याच्याकडच्या नोंदींशी ताडून बघाव्यात, इतका नेमका मजकूर हवा. हा लेख घरोघरी असतं त्या फायबर कनेक्शनबद्दल आहे. भिंतीतून बारीक तार येते, एका पांढऱ्या किंवा काळ्या डब्यात शिरते आणि त्याच डब्यातून वायफाय मिळतं, ते कनेक्शन.

आधी दिवे, मग बाकीचं

डब्यावर ओळीने दिवे असतात. नावं आणि रंग कंपनीगणिक थोडे बदलतात, पण कामाचे दिवे चारच: पॉवर, पॉन, एलओएस आणि इंटरनेट. नेट व्यवस्थित असताना एकदा या दिव्यांचा फोटो काढून ठेवा. नेट गेल्यावर काय बदललं ते त्याशिवाय कळणार नाही.

पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर तुमचा डबा कंपनीच्या यंत्राशी जोडलेला आहे. तो लुकलुकत असेल तर जोडणी करायची धडपड चालू आहे. एलओएस दिवा एरवी विझलेला असतो. तो लाल होऊन लुकलुकायला लागला, तर तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही, किंवा फार क्षीण पोचतो. ही अडचण तारेतली आहे, म्हणजे तुमची भिंत, गच्ची, खांब किंवा रस्ता यांपैकी कुठेतरी. वायफायचा पासवर्ड बदलून ती जाणार नाही.

पॉन हिरवाच आहे, एलओएस विझलेला आहे, पण इंटरनेटचा दिवा गेला किंवा लाल झाला, तर तार ठीक आहे. तुमच्या खात्याचं लॉगिन किंवा कंपनीचं पुढचं यंत्र अडलं आहे. अशा वेळी वायरमन घरी येऊन काही करू शकत नाही, काम ऑफिसात बसलेल्या माणसाचं असतं. सगळेच दिवे विझून पुन्हा लागले, तर वीज गेली किंवा अडॅप्टरची पिन ढिली आहे. आणि सगळे दिवे जसेच्या तसे हिरवे असूनही मोबाइलवर नेट नसेल, तर बहुधा घरातलं वायफाय.

थोडक्यात, नेट गेल्या क्षणी कोणता दिवा कसा होता यावरून काम कुणाचं ते ठरतं. पाच मिनिटांनी आठवून लिहिलेला रंग भरवशाचा नसतो. म्हणून नेट गेलं की आधी डब्याकडे जायचं.

रिस्टार्टचा मोह आवरा

नेट गेलं की आपला हात बटणाकडे जातो. कस्टमर केअरही पहिलं तेच सांगतं. मात्र रिस्टार्टने पुरावा पुसला जाऊ शकतो.

कंपनीच्या बाजूला तुमच्या तारेचं दुसरं टोक ज्या यंत्रात जातं, त्या यंत्रात तुमचा डबा शेवटचा कधी आणि कशामुळे तुटला याची नोंद राहते. प्रकाश गेला तर ‘सिग्नल गेला’ अशी. वीज गेली, तर डबा मरता मरता एक छोटा संदेश पाठवतो आणि नोंद ‘ग्राहकाकडची वीज गेली’ अशी होते. आता बघा: ७ वाजून ४ मिनिटांनी प्रकाश गेला, ७ वाजून ९ मिनिटांनी आपोआप आला, पण तुम्ही अस्वस्थ होऊन ७ वाजून १० मिनिटांनी बटण बंद-चालू केलं. आता शेवटची नोंद विजेची. तक्रार बघणारा म्हणणार, ‘साहेब, लाइट गेली होती तुमच्याकडे.’ आणि त्याच्या स्क्रीनपुरतं ते खरंच असतं.

म्हणून एकदाच, मुद्दाम, नेट गेलेलं असताना रिस्टार्ट करा, ती वेळ लिहा आणि फरक पडला का ते लिहा. नंतर बटणाला हात लावू नका. नेट आपोआप परत येतं का आणि किती मिनिटांनी, ही माहिती जास्त मोलाची आहे.

वही कशी ठेवायची

मावशीने सुरुवातीला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायला घेतलं. ‘सं. ७ ला गेलं. लाल डोळा मिचकावतोय.’ मला फोन करून म्हणाली, “अरे, मी घड्याळात बघूनच लिहिलंय.” ते घड्याळ हॉलमधलं, चार मिनिटं पुढे. तिला गाडी चुकू नये म्हणून तिनेच पुढे केलेलं!

वेळ मोबाइलमधली लिहायची, कारण ती नेटवर्कवरून जुळलेली असते. कंपनीच्या यंत्रातली नोंद सेकंदासकट असते. तुमची चार मिनिटं पुढे असेल तर दोन्ही जुळत नाहीत आणि तुमच्या सगळ्या वहीवरच शंका येते. शिवाय चोवीस तासांची पद्धत वापरा, ‘७’ म्हणजे सकाळ की संध्याकाळ हा घोळ राहत नाही.

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, दिव्यांची स्थिती आणि त्या वेळी वेगळं काही चालू होतं का. हा पाचवा रकाना बरेच जण गाळतात. वारा, पाऊस, घराबाहेर खोदकाम, गच्चीवर कुणी चढलं होतं, घरातली वीज फडफडली, असं काहीही. कारण सापडतं ते बहुतेक वेळा याच रकान्यात.

रंग लिहिताना ‘लाइट लाल होती’ असं मोघम नको, ‘एलओएस लाल, लुकलुकणारा, पॉन विझलेला, पॉवर हिरवा’ असं लिहा. शक्य झालं तर दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, दिव्यांखालची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. लुकलुकणं फोटोत दिसत नाही.

पाचसहा दिवसांच्या नोंदी पुरतात. एका दिवसाच्या नोंदीवर ‘त्या दिवशी आमचं काम चालू होतं’ असं उत्तर येतं. महिनाभर थांबायचंही कारण नाही.

एक चाचणी, जी वाद मिटवते

‘तुमचं वायफाय वीक असेल’ हे उत्तर ईमेलमध्येच खोडून काढायचं असेल, तर लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि दोन ठिकाणी सतत हाक मारत ठेवा: एकदा घरातल्या डब्याला, एकदा बाहेरच्या जगाला. विंडोजमध्ये पॉवरशेलच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत:

```
ping -t 192.168.1.1
```

दुसरीत वेळेसकट फाइलमध्ये नोंद ठेवणारी ओळ:

```
ping -t 8.8.8.8 | ForEach-Object { "$(Get-Date -Format 'dd-MM HH:mm:ss') $_" } | Tee-Object -FilePath $HOME\net-log.txt
```

पहिला पत्ता तुमच्या डब्याचा. तो डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला असतो आणि वेगळाही असू शकतो. थांबवायला दोन्हीकडे `Ctrl+C`. लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग आधी करून ठेवा, नाहीतर झोपलेला वेळ ‘नेट गेलं’ म्हणून मोजला जाईल.

नेट गेल्यावर पहिल्या खिडकीत उत्तरं येतच आहेत आणि दुसरीत `Request timed out.` दिसतंय, तर घरातली बाजू ठीक आहे आणि तुटलंय ते डब्याच्या पलीकडे. दोन्ही खिडक्या एकदम अडल्या तर आधी आपली केबल आणि डबा बघा. एका फसव्या ओळीकडे लक्ष असू द्या. कधी कधी दुसऱ्या खिडकीत `Reply from 192.168.1.1: Destination net unreachable.` असं येतं. `Reply` दिसलं म्हणून नेट चालू आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तुमचा डबाच सांगतोय की पुढे रस्ता नाही.

जमलं तर आणखी एक आकडा घ्या. ब्राउजरमध्ये डब्याचा पत्ता टाकला की लॉगिन येतं, आत स्टेटसमध्ये ऑप्टिकल किंवा पॉन असं पान असतं, त्यात `Rx Power` दिसतं. डब्यापर्यंत पोचलेला प्रकाश. तो उणे आकड्यात, डीबीएममध्ये लिहिलेला असतो. साधारण उणे १५ ते उणे २५ च्या मधला आकडा बरा. उणे २७ च्या आसपास बहुतेक घरगुती डबे तग धरत नाहीत. या मोजमापात ३ ने घसरण म्हणजे प्रकाश अर्ध्यावर आला. नेट असताना एकदा आणि गेलेलं असताना एकदा या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. नेट नसतानाही पान उघडतं, कारण ते डब्यातच असतं. काही कंपन्या हे लॉगिन बंद ठेवतात. मग सोडून द्या, दिव्यांवर काम भागतं.

तारेच्या बाबतीत घरी करण्यासारखं फार काही नाही. डब्यामागची बारीक तार सोफ्याखाली चेपली आहे का, खिळ्याला टोकदार वळण घेऊन वळवली आहे का, तेवढं बघा. हिरव्या टोकाचा कनेक्टर उपसून फुंकर मारू नका आणि त्याच्या तोंडात डोळा लावून बघू तर मुळीच नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

आपल्या चुका आधी बाजूला काढा

मावशीच्या सहा दिवसांत एकूण १७ वेळा नेट गेलं. मी शनिवारी साताऱ्याला गेलो आणि आम्ही वही घेऊन बसलो. १३ वेळा एलओएस लाल. तीनदा सगळे दिवे हिरवे, पण मागच्या खोलीत मोबाइलवर नेट नाही. तिथे मध्ये लोखंडी कपाट आहे. एकदा सगळे दिवे विझलेले, त्या वेळी वीज गेली होती.

“सतराच लिही की, जास्त दिसतील,” मावशी म्हणाली. मी १३ च लिहिले. कारण असं की कंपनीने त्यांच्या नोंदीशी ताडून बघितलं आणि चार जुळल्या नाहीत, की ते त्या चारवरच बोलत बसतात. १३ पैकी १३ जुळणाऱ्या यादीपुढे तशी पळवाट राहत नाही. वायफायचं दुखणं खरं होतं, पण ते कपाट हलवून सुटलं.

मग पाचवा रकाना वाचला. १३ पैकी ११ वेळा ‘वारा’ किंवा ‘वारा-पाऊस’ लिहिलेलं. मग मागायचं काय तेही ठरलं.

ईमेल

बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्या तक्रारीच्या पत्त्यावर पाठवा. कनेक्शन स्थानिक केबलवाल्याने दिलं असलं तरी फक्त त्याला व्हॉट्सअॅप करून थांबू नका. कंपनीचा कक्ष परराज्यात असेल तर हाच मजकूर याच क्रमाने इंग्रजीत लिहा. आम्ही पाठवलेला असा होता:

विषय: ग्राहक क्र. (क्रमांक) – एलओएस लाल होऊन सेवा खंडित, ११ ते १६ जुलै, १३ वेळा

मा. तक्रार निवारण कक्ष,

माझ्या फायबर कनेक्शनची सेवा ११ ते १६ जुलै या सहा दिवसांत १३ वेळा, एकूण ७१ मिनिटं खंडित झाली. प्रत्येक वेळी एलओएस दिवा लाल होऊन लुकलुकत होता, पॉन दिवा विझलेला होता आणि पॉवर दिवा हिरवा होता. सेवा दर वेळी २ ते ९ मिनिटांत आपोआप सुरू झाली. याआधीच्या तीन तक्रारी (क्रमांक) ‘सेवा सुरू आहे’ या कारणाने बंद झाल्या आहेत.

काही नोंदी (वेळ मोबाइलवरील, २४ तासांची):
११ जुलै, १९:०४ ते १९:०९, वारा
१२ जुलै, १७:३१ ते १७:३४, वारा-पाऊस
१३ जुलै, २०:१२ ते २०:२१, वारा-पाऊस
१५ जुलै, १८:४६ ते १८:५२, वारा
१६ जुलै, ०६:२० ते ०६:२२, काही विशेष नाही
सर्व १३ नोंदी सोबतच्या फाइलमध्ये आहेत.

केलेल्या चाचण्या:
१. लॅपटॉप केबलने जोडून, वायफाय बंद ठेवून तपासणी केली. १५ जुलैला खंडित काळात डब्याकडून उत्तर येत होतं, बाहेरून येत नव्हतं. नोंद सोबत आहे.
२. १३ जुलैला २०:१५ वाजता एकदा रिस्टार्ट केला. फरक पडला नाही, सेवा २०:२१ ला आपोआप आली. इतर कोणत्याही वेळी रिस्टार्ट केलेला नाही.
३. अडॅप्टर दुसऱ्या सॉकेटला, इन्व्हर्टरवर लावून पाहिला. खंडित होणं थांबलं नाही.
४. घरातली तार कुठेही दबलेली किंवा वळलेली नाही.
५. सेवा चालू असताना प्रकाशाची पातळी उणे १९ डीबीएम. स्क्रीनशॉट सोबत आहे.

विनंती: वरील वेळा आपल्या यंत्रणेतील नोंदींशी ताडून पाहाव्यात. खांबापासून घरापर्यंतच्या बाहेरील तारेची आणि जोडांची प्रत्यक्ष तपासणी व्हावी. तपासताना तार हलवून प्रकाशाची पातळी मोजावी, कारण १३ पैकी ११ वेळा वारा होता. मोजलेले आकडे या ईमेलच्या उत्तरात कळवावेत.

घरी कोणीतरी असण्याची वेळ: रोज ११:०० ते १६:००. संपर्क: (मोबाइल).

आपली,
(नाव, पत्ता)

यात काय नाही तेही बघा. वेग कमी मिळतो ही तक्रार नाही, ती वेगळी आणि तिच्या चाचण्याही वेगळ्या. मिसळली की लोक सोप्या गोष्टीला उत्तर देऊन मोकळे होतात. मुलांच्या तासाचं नुकसान एका ओळीतही नाही. खरं सांगायचं तर ते वाक्य मावशीने लिहिलं होतं आणि मी काढलं, त्यावर ती थोडी रुसलीही. बिलात सूट मागायची असेल तर ती दुरुस्ती झाल्यावर वेगळ्या ईमेलने मागा. ते काम बिलाच्या टेबलावर जातं आणि एकाच ईमेलमध्ये दोन मागण्या असल्या की ईमेल दोन टेबलांच्या मध्ये फिरत राहतो. व्हिडिओ जोडू नका, ‘मागितल्यास पाठवतो’ असं लिहा. जड ईमेल परत येतात. वायफायचा किंवा डब्याचा पासवर्ड स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही ना, हे पाठवण्याआधी बघून घ्या.

उत्तर आल्यावर

तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळायला हवा. २०१२ च्या ट्रायच्या तक्रार निवारण नियमांत तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. नाही आला तर त्याच ईमेलला उत्तर देऊन मागा, नवा ईमेल सुरू करू नका. तक्रार न सोडवता बंद झाली, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपिलाला वेगळं काही लिहावं लागत नाही. हाच ईमेल, त्याला आलेलं उत्तर आणि त्यानंतरच्या नोंदी जोडायच्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगा मीटर घेऊन आला. घरात उणे १९, बाहेरच्या पेटीत उणे १८. “सगळं ओके आहे, काकू,” म्हणून निघालाच होता. मावशीने ईमेलची प्रिंट पुढे केली आणि बोट ठेवलं, ‘तार हलवून’. तो कुरकुरत गच्चीवर गेला आणि खांबावरून येणारी तार हलवली. खाली मीटर धरून उभ्या असलेल्या मावशीने आकडा ओरडून सांगितला: उणे ३१. शेजारच्या पत्र्याच्या शेडच्या कडेवर तार घासून तिचं वरचं आवरण फाटलं होतं आणि वाऱ्याने ती हलली की आतली काच तिथेच वाकत होती. चाळीस मीटर तार बदलली आणि पत्र्यापासून लांब, दुसऱ्या खुंटीवरून घेतली.

जाताना त्याने तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. “वारा सुटू दे एकदा, मग देते,” मावशी म्हणाली. ओटीपी तिने शुक्रवारी दिला, बुधवारी रात्रीच्या वादळी पावसात एलओएस विझलेलाच राहिला हे कॅलेंडरच्या चौकोनात लिहून झाल्यावर.